प्लस टूवर प्लस फोर चालतं का?

ताई, दिवाळीत सगळे नाशिकला जमलो होतो. रात्री सहा जण उनो खेळायला बसलो. भाऊजींनी लाल प्लस टू टाकलं, मी त्यावर पिवळं प्लस टू टाकलं, वन्संनी त्यावर प्लस फोर टाकून हिरवा रंग मागितला. पुढे माझा नऊ वर्षांचा पुतण्या. हातात एकच पान, “उनो” म्हणून झालेलं. वन्सं म्हणाल्या, ओढ आठ. त्यानं हातातलं पान टाकलं, तर हिरवं प्लस टू! “जिंकलो” म्हणाला. वन्सं म्हणाल्या, प्लस फोरवर प्लस टू चालत नाही आणि शेवटचं पान पॉवरचं तर अजिबात चालत नाही. जाऊबाई म्हणाल्या, मुळात प्लस टूवर प्लस फोरच चालत नाही. सासऱ्यांनी डब्यातलं पत्रक काढलं, वन्संनी मोबाइलवरचा गेम दाखवला. पोरगं रडत झोपायला गेलं. पुढच्या महिन्यात लग्नाला पुन्हा सगळे जमणार आहोत. बरोबर कोण होतं?
— पुतण्याची काकू

प्रिय काकू,

तो डाव तुमच्या पुतण्यानं जिंकला. लग्नघरी भेटलात की सगळ्यांसमोर त्याला तसं सांगा. हा निकाल मी त्याच्या वयाकडे बघून दिलेला नाही. पानं पुन्हा मांडून बघितली, तेव्हा तोच निघाला. तो कसा निघाला ते सांगते, कारण त्यातच तुमच्या पुढच्या डावांची सोय आहे.

आधी सासऱ्यांच्या हातातल्या पत्रकाबद्दल. नेहमीच्या उनोच्या पत्रकात प्लस टूचा नियम साधा आहे: पुढच्या भिडूनं दोन पानं ओढायची आणि त्याची पाळी गेली. त्यावर प्लस टू टाकून दंड पुढे ढकलायची मुभा कुठेच नाही. घोळ होतो तो पुढच्या गोष्टीमुळे. उनोत रंग, आकडा किंवा चिन्ह जुळलं की पान टाकता येतं. मग लाल प्लस टूवर पिवळं प्लस टू चिन्हानं जुळतं, म्हणजे ते चालायला हवं, असं प्रत्येकाला वाटतं. पान चालतं हे खरंच आहे. पण ज्याची पाळी असेल त्यानं टाकलं तरच. भाऊजींनी प्लस टू टाकल्याक्षणी तुमची पाळी संपली होती. तुम्ही दोन पानं ओढायची, आणि खेळायचं नणंदबाईंनी. त्यांच्याकडे प्लस टू असतं तर त्या ते खुशाल टाकू शकल्या असत्या, कारण दंड भरून झालेला होता आणि पाळी त्यांची होती. तेव्हा पुतण्यानं दोनच पानं ओढली असती, चार नाही.

प्लस फोरबद्दलही वाद उरलेला नाही. २०१९ च्या मे महिन्यात उनोच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून हेच सांगितलं गेलं: कुणी प्लस फोर टाकलं तर चार पानं ओढायची आणि पाळी सोडायची, त्यावर प्लस टू टाकून पुढच्याला सहा ओढायला लावता येत नाही. जगभरच्या लोकांनी त्याखाली “आमच्या घरी असंच खेळतात” म्हणून भांडण मांडलं होतं. तुमचं घर काही वेगळं नाही.

आता तोच डाव निव्वळ पत्रकाप्रमाणे खेळून बघा. भाऊजी लाल प्लस टू टाकतात, तुम्ही दोन ओढून गप्प बसता. नणंदबाई त्या लाल पानावर प्लस फोर टाकतात. इथे एक अट येते, जी बहुतेक घरांत कुणी पाळत नाही. चालू रंगाचं एकही पान हातात नसेल तरच प्लस फोर टाकता येतं. आकडा किंवा चिन्ह जुळणारं पान असलं तरी हरकत नाही, प्रश्न फक्त रंगाचा. नणंदबाईंच्या हातात एक जरी लाल पान असतं, तर ते प्लस फोर लबाडीचं ठरलं असतं. ज्याला चार ओढायची आहेत तो भिडू, म्हणजे तुमचा पुतण्या, “दाखवा हात” म्हणू शकला असता. लाल पान निघालं तर चार पानं नणंदबाईंना. नाही निघालं तर पुतण्याला चाराऐवजी सहा. ही चॅलेंजची तरतूद खेळातली सगळ्यात रंगतदार गोष्ट आहे असं मला वाटतं. आणि दंडाच्या पानावर दंडाचं पान रचून दंड पुढे ढकलायच्या, म्हणजे थप्पी लावायच्या नादात नेमकी तीच आपण हरवून बसतो. त्याकडे मी परत येते.

म्हणजे पत्रक धरलं तर पुतण्या जिंकत नाही. तरीही मी त्याला विजेता म्हणते, कारण तुमचं टेबल पत्रकावर खेळतच नव्हतं. ज्या क्षणी तुम्ही पिवळं प्लस टू टाकलंत आणि कुणी हूं की चूं केलं नाही, त्या क्षणी सहाही जणांनी थप्पी मान्य केली. पत्रक आठवलं ते नंतर, आठ पानांचा आकडा ऐकल्यावर. तुम्हीच टाकलेलं पिवळं पान गिळून पुढच्याला पत्रक दाखवणं हा रडीचा डाव झाला असता. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की थप्पी कोणत्या प्रकारची.

घराघरांत तीन प्रकार दिसतात. पहिल्यात प्लस टूवर फक्त प्लस टू आणि प्लस फोरवर फक्त प्लस फोर. याला मी जोडीची थप्पी म्हणते. दुसऱ्यात प्लस टूवर प्लस फोर चालतं, पण उलट चालत नाही. ही चढती थप्पी. तिसऱ्यात कशावरही काहीही, ती मोकळी थप्पी. जाऊबाई पहिल्या नियमानं बोलत होत्या, नणंदबाई दुसऱ्या, आणि पुतण्या तिसऱ्या. तिघंही आपापल्या घरात बरोबरच असतील. कारण कुणीच आधी बोललं नव्हतं.

मोकळ्या थप्पीत निकाल सरळ आहे: प्लस फोरवर हिरवं प्लस टू, पोरगं मोकळं, आणि त्याच्या पुढच्या भिडूला दहा पानं. चढत्या थप्पीत ते प्लस टू चालत नाही, आठ पानं ओढणं आलं. जोडीच्या थप्पीत मात्र नणंदबाईंचं प्लस फोर परत त्यांच्या हातात जातं. डाव तुमच्या पिवळ्या प्लस टूवर येऊन थांबतो, दंड चार पानांचा, आणि पाळी नणंदबाईंची. इथे नीट बघा. त्यांच्याकडे प्लस टू नसेल, तर त्या चार पानं ओढतात आणि पाळी पुतण्याकडे येते. वर पिवळं प्लस टू, हातात हिरवं प्लस टू, चिन्ह जुळलं, डाव संपला. त्यांच्याकडे प्लस टू असेल, तर त्या ते टाकतात, दंड सहाचा होतो, आणि पुतण्या त्यावर आपलं प्लस टू ठेवून सुटतो. आठ पानं त्याच्या पुढच्याला. कुठूनही गेलं तरी तोच जिंकतो.

ठरलेलं नसताना वाद झाला, तर मी एकच रीत वापरते: सगळ्यांनी बिनबोभाट मान्य केलेल्या शेवटच्या पानापर्यंत मागे जायचं, आणि तिथून पुढे, जेवढं मान्य झालं आहे तेवढ्यानंच खेळायचं. तुमच्या टेबलावर मान्य झालेली गोष्ट एवढीच होती की प्लस टूवर प्लस टू चालतं. प्लस फोर हा नवा दावा होता, आणि त्यावर जाऊबाईंची हरकत आली. एरवी मागे जाण्यात एक अडचण असते, ती म्हणजे तोपर्यंत कुणाचं तरी पान उघडं पडलेलं असतं. तुमच्याकडे पुतण्याचं पान सगळ्यांना दिसलं होतं. पण वर म्हटलं तसं, ते दिसूनही नणंदबाईंना काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे मागे जाणं न्यायाचं आहे. उघडं पान बघून कुणाला चाल बदलता येत असेल, तर मागे जाऊ नका. तो डाव मोडा आणि पानं पिसून नव्यानं वाटा.

राहिला शेवटच्या पॉवरच्या पानाचा मुद्दा. “शेवटी आकड्याचंच पान हवं” हा नियम आपल्याकडे इतक्या घरांत आहे की लोकांना तो पत्रकातला वाटतो. तसा तो नाही. पत्रक उलट गृहीत धरतं की कुणी प्लस टूवर किंवा प्लस फोरवर सुटेल. तसं झालं तर पुढच्या भिडूनं दोन किंवा चार पानं आधी ओढायची आणि मगच गुण मोजायचे. गुण मोजून खेळत असाल तर हे महत्त्वाचं आहे. आकड्याची पानं त्यांच्या आकड्याएवढी, स्किप, रिव्हर्स, प्लस टू वीस-वीस, आणि वाइल्ड व प्लस फोर पन्नास-पन्नास. बाकीच्यांच्या हातातले गुण जिंकणाऱ्याला मिळतात, म्हणून ती ओढलेली पानं जिंकणाऱ्याच्या फायद्याची असतात. तुम्हाला घरचा नियम ठेवायचाच असेल तर ठेवा, पण तो पानं वाटण्याआधी सांगितलेला असला पाहिजे. एका पानावर आलेल्या मुलाला तो ऐकवणं योग्य नाही.

नणंदबाईंना मात्र दोष देऊ नका. मोबाइलवर त्यांनी जे पाहिलं ते खरंच असणार. उनोच्या व्हिडिओ गेममध्ये थप्पी हा घरगुती नियम म्हणून दिलेला असतो, आपण तो चालू-बंद करायचा. बंद करायची सोय आहे म्हणजेच तो मूळ नियम नाही, हेही त्यातून कळतं. शिवाय २०२३ मध्ये ‘शो एम नो मर्सी’ नावाचा उनोचा वेगळा डबा आला. त्यात १६८ पानं आहेत, प्लस सिक्स आणि प्लस टेनसुद्धा आहेत, आणि थप्पी त्याच्या छापील नियमातच आहे: टाकलेल्या पानाएवढं किंवा त्याहून मोठं दंडाचं पान चालतं, लहान चालत नाही. म्हणजे नणंदबाईंचा चढता नियम हुबेहूब तिथे आहे. पण त्या डब्यात तोल सांभाळायला आणखी एक कलम आहे: हातात पंचवीस पानं झाली की भिडू बाद. थप्पी तिथून उचलली आणि बाद होण्याचं कलम तिथेच सोडलं, तर डाव संपत नाही. सासऱ्यांना डबा एकदा मोजायला सांगा. नेहमीच्या जुन्या डब्यात १०८ पानं असतात.

थप्पी लावावीशी वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. ज्या पत्त्यांच्या खेळांच्या घराण्यातून उनो आला, त्यात ती जुनी आहे. जर्मनीत ‘माऊ-माऊ’ खेळतात, साध्या पत्त्यांवर. तिथे सत्ती पडली की पुढच्यानं दोन पानं ओढायची, पण त्याच्याकडे सत्ती असेल तर ती टाकून दंड चारचा करून पुढे सरकवायची चाल सर्रास आहे. आपण तर झब्बूवर वाढलेली माणसं. हुकमाची उतारी असताना एखाद्याकडे हुकूम नसतो, तो बदाम टाकून झब्बू देतो, आणि सगळ्यात मोठा हुकूम टाकणाऱ्याला आख्खा ढीग उचलावा लागतो. ढीग वाढत जाणार आणि कुणाच्या तरी गळ्यात पडणार, हे आपल्या हातांना ओळखीचं आहे. आणि उनोचा जन्मच म्हणे एका वादातून झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रीडिंग नावाच्या गावी मर्ल रॉबिन्स नावाचे न्हावी होते. ‘क्रेझी एट्स’ या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून त्यांचं मुलाशी वाजलं, आणि १९७१ मध्ये त्यांनी नियम पानांवरच छापलेला स्वतंत्र खेळ काढला, अशी हकिगत सांगतात. कुटुंबानं आठ हजार डॉलर जमवून पाच हजार डबे छापून घेतले होते आणि ते त्यांच्या दुकानातून विकायला सुरुवात केली.

आता तुम्ही पुढच्या महिन्यात काय करायचं ते. त्याआधी थप्पी डावाचं नेमकं काय करते हे समजून घ्या, मग निवड सोपी होईल.

१०८ पानांत प्लस टू आठ असतात. सात पानांचा हात नुकताच वाटला असेल, तर त्यात किमान एक प्लस टू असण्याची शक्यता साधारण ४३ टक्के. हातात दोनच पानं उरली असतील तर ती जेमतेम १४ टक्क्यांवर येते. आणि बारा पानं घेऊन बसलेल्याकडे ती ६० टक्क्यांच्या वर जाते. खेळताना लोक पानं मुद्दाम राखतात, त्यामुळे आकडे थोडे हलतील, पण कल हाच राहतो. याचा अर्थ असा की थप्पी फिरत फिरत ज्याच्याकडे कमी पानं आहेत त्याच्यापाशी फुटते. जो जिंकत आलाय त्यालाच ती बसते. आणि ज्यानं मागच्या फेरीत आठ पानं ओढली, तो आता बराच सुरक्षित, कारण त्याच्या हातात कुठे ना कुठे प्लस टू बहुधा निघतं. थप्पीच्या घरांत आघाडीवरचा भिडू सारखा मागे ओढला जातो, डाव लांबतो, आणि अनुभवी लोक प्लस टू हल्ल्यासाठी न वापरता ढाल म्हणून शेवटपर्यंत जपून ठेवतात. तुमच्या पुतण्यानं तेच केलं होतं. नऊ वर्षांच्या मुलानं शेवटच्या पानाला प्लस टू राखलं, हे कुणाच्या लक्षात आलं का?

तीन-चार भिडू असतील तर हे लांबणं सुसह्य असतं. सहा-सात जणांत मात्र दुसऱ्या एका लाडक्या नियमाशी त्याची गाठ पडली की रात्र जाते: “जुळणारं पान मिळेपर्यंत ओढत राहा.” पत्रकात पाळीला एकच पान ओढायचं असतं. ते जुळलं तर तिथल्या तिथे टाकता येतं, नाहीतर पुढचा. आमच्या घरी एका मे महिन्यात आठ जणांनी थप्पी आणि ओढत राहणं दोन्ही लावलं होतं. ओढायची गड्डी दोनदा संपली, टाकलेली पानं दोनदा पिसली, आणि दीड तासानं दोन लहान मुलं हातात पंधरा-पंधरा पानं धरून पेंगायला लागली. शेवटी डाव तसाच ठेवून उठलो. तेव्हापासून मी सांगते, या दोनांतला एकच नियम घ्या.

आता प्लस फोर. मला जोडीची थप्पी पसंत आहे, आणि तीसुद्धा फक्त प्लस टूपुरती. कारण चॅलेंज. प्लस टूला अट नाही, म्हणून ते एकावर एक रचलं तरी काही बिघडत नाही. प्लस फोरला अट आहे, आणि थप्पीत ती अट तपासणार कोण? तुमच्या डावात नणंदबाईंचं प्लस फोर तुमच्या पिवळ्या प्लस टूवर पडलं. मग त्यांच्या हातात कोणता रंग नसायला हवा? पिवळा, कारण वर तोच होता. पण थप्पीत अडकलेला माणूस पिवळं पान असूनही ते टाकू शकत नाही, कारण त्याला दंड टाळायचा आहे. म्हणजे अट पाळायची तर प्लस फोर टाकणं जवळजवळ अशक्य, आणि अट सोडायची तर प्लस फोर ज्याच्याकडे असेल त्याचं राज्य. बहुतेक घरं नकळत दुसरा रस्ता घेतात, आणि चॅलेंज करायचं असतं हेच विसरून जातात.

मग पुढचा प्रश्न: त्यावर कुणी दुसरं प्लस फोर टाकलं, आणि तिसऱ्यानं चॅलेंज केलं. हात कुणाचा बघायचा, पहिल्याचा की दुसऱ्याचा? लबाडी निघाली तर त्यानं चार ओढायची की आठ? यावरून मी मोठ्या माणसांना आवाज चढवताना बघितलं आहे, आणि याचं उत्तर कुठल्याच पत्रकात नाही, कारण पत्रकाच्या मते ही वेळ येतच नाही. तुमच्या घरातल्या तरुण मंडळींना प्लस फोरची थप्पी हवीच असेल, तर हे कलम घ्या. चॅलेंज फक्त आपल्या लगेच आधीच्या भिडूला करता येईल. त्याच्या आधीच्या माणसानं मागितलेला रंग त्याच्या हातात आहे का, एवढंच बघायचं. असेल तर थप्पीतली सगळी पानं त्याची. नसेल तर सगळी पानं आणि वर दोन चॅलेंज करणाऱ्याची. आणि ज्यानं त्यावर आपलं प्लस फोर ठेवलं, त्यानं चॅलेंजचा हक्क सोडला असं धरायचं. हात फक्त चॅलेंज करणाऱ्याला दाखवायचा, सगळ्या टेबलाला नाही. हे आमच्या घरचं कलम आहे, कुठे छापलेलं नाही, पण त्यानं भांडणं थांबली आहेत.

लहान मुलं असतील तर थप्पीला कमाल मर्यादा ठेवा. फक्त प्लस टूची थप्पी असेल तर तत्त्वतः ती सोळापर्यंत जाऊ शकते. मोकळ्या थप्पीत सगळी आठ प्लस टू आणि चारही प्लस फोर एका मागे एक पडली तर बत्तीस. तसं कधी होत नाही, पण दहा-बारा सहज होतात, आणि लहान मुलाच्या पंज्यात बारा-पंधरा पानं मावतही नाहीत, ती खाली पडतात, दिसतात, आणि नवा वाद सुरू होतो. मी सहाची मर्यादा ठेवते: तिसरं प्लस टू पडलं की थप्पी बंद, पुढच्यानं सहा ओढायची. पाच वर्षांच्या आतल्यांना लिंबूटिंबू धरा आणि त्यांना कधीच दोनाहून जास्त ओढायला लावू नका. याला मोठ्यांनी कुरकुर केलेली मी अजून पाहिलेली नाही.

तेव्हा लग्नघरी सहा जण पुन्हा बसाल, तेव्हा माझ्या मते असं ठेवा: प्लस टूवर प्लस टू चालेल, तीनपर्यंत. प्लस फोरवर काहीच चालणार नाही, पण चॅलेंज चालेल. पाळीला एकच पान ओढायचं. शेवटचं पान कोणतंही चालेल, दंडाचं असेल तर पुढच्यानं ओढायचं. सांगायला अर्धा मिनिट लागतो. आणि हे पानं वाटणाऱ्यानं, हात उचलण्याआधी, मोठ्यानं म्हणायचं. हात उचलल्यावर प्रत्येकाला आपली पानं दिसतात, आणि ज्याच्याकडे दोन प्लस फोर आहेत त्याला थप्पीचा नियम एकदम न्यायाचा वाटू लागतो.

जाऊबाईंना आणि नणंदबाईंना आधी फोन करून हे कळवा. दोघींपैकी एकीला चढती थप्पीच हवी असेल तर तीही घ्या, खेळ काही कोसळत नाही. फक्त मग प्लस फोरवर प्लस टू नाही, हे पुतण्याला आधी कळलं पाहिजे. त्याला ते पटेल. मुलांना नियम कडक असल्याचं फारसं वाटत नाही, मध्येच बदलल्याचं फार लागतं.

आणि डबा बघा. अलीकडच्या ११२ पानांच्या डब्यात काही कोरी वाइल्ड पानं असतात, आपला नियम आपण लिहायला. तुमच्याकडे ती असतील तर त्यातलं एक पुतण्याच्या हातात द्या आणि थप्पीचा नियम त्याच्याकडून पेन्सिलीनं लिहून घ्या. ते पान खेळात न घेता डब्यात सगळ्यात वर ठेवा. नसतील तर पत्रकाची मागची बाजू चालेल, ज्या सासऱ्यांनी ते जपून ठेवलंय त्यांची परवानगी घेऊन.